हमालाच्या कवितेतील लय आणि अंगमेहनत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर नेमकी कशाची चर्चा आहे?

शारीरिक श्रमाविषयीच्या कवितेत लय त्या श्रमाचे प्रतिबिंब कसे दाखवते, एवढाच येथील विषय आहे. त्यासाठी मराठवाड्यातील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, पोती वाहणाऱ्या हमालाचे काम मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे आणि शेतकऱ्याच्या पेरणीचा विचार पुढे तुलनेपुरता केला आहे. उदाहरणांतील सर्व ओळी या पानासाठीच रचलेल्या आहेत. त्या थोर कविता नाहीत, पण त्यांतील प्रत्येक मात्रा वाचकाला बोटावर मोजून पाहता येईल.

मात्रा कशा मोजायच्या?

अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेले अक्षर लघु असते आणि त्याची एक मात्रा धरतात. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे स्वर असलेले अक्षर गुरू असते आणि त्याच्या दोन मात्रा होतात. लघु अक्षरावर स्पष्ट उच्चाराचा अनुस्वार असेल, किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येत असेल, तर तेही गुरू होते. ‘थप्पी’मधील ‘थ’ याच कारणाने गुरू आहे. ठराविक मात्रांचा गट पुन्हा पुन्हा येतो तेव्हा त्याला आवर्तन म्हणतात. येथे आपण आठ मात्रांचे आवर्तन वापरणार आहोत, कारण मराठी कानाला ते सर्वांत सवयीचे आहे.

हमालाच्या कामाला स्वतःची अशी लय असते का?

असते, पण ती समान अंतराने पडणाऱ्या ठोक्यांची नसते, आणि बहुतेक कविता चुकतात त्या हे लक्षात न घेतल्यामुळेच. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची आवक वाढते तेव्हा लातूरच्या, परभणीच्या किंवा जालन्याच्या मोंढ्यात थोडा वेळ उभे राहून पाहावे. हमाल मालाच्या ट्रककडे पाठ करून उभा राहतो, वरचे दोघे पोते त्याच्या मानेमागे टेकवतात, आणि त्या क्षणी त्याचा श्वास अडलेला असतो. नंतर तो लहान, जवळजवळ पडणारी पावले टाकत गोदामात जातो. थप्पी उंच झालेली असेल तर तिला टेकवलेली फळी चढतो, अंग तिरके करून पोते टाकतो आणि परत फिरतो. परतताना त्याची पावले लांब पडतात, हात सुटे हालतात, आणि सोबत्याशी जे काही बोलायचे असेल ते तो याच वेळी बोलतो.

म्हणजे एका खेपेचे चार भाग होतात : ओझे घेणे, ओझ्याखाली चालणे, टाकणे, आणि रिकामे परतणे. या चारांपैकी कोणतेही दोन भाग सारख्या लयीचे नाहीत. शेवटचा भाग कवितेत सहसा येतच नाही, कारण कवीची नजर पोत्यावर खिळलेली असते आणि पोते खाली पडले की त्याला हमालाची खेप संपली असे वाटते. परतीची चाल नसेल तर ओझ्याचे वजन कशाच्या तुलनेत जाणवणार?

ठेका धरणाऱ्या, गोड चालीच्या कवितेत नेमके काय बिघडते?

नवशिक्या कवीकडून नेहमी येणारा नमुना साधारण असा असतो :

पाठीवरती घेउन पोते
चालत जातो हमाल भोळा
घाम पुसूनी हसतो तोही
कष्टाला ना घालत आळा

मात्रांचा हिशेब करून पाहा. ‘पाठीवरती’ आठ, ‘घेउन पोते’ आठ, ‘चालत जातो’ आठ, ‘हमाल भोळा’ आठ. पुढच्या दोन्ही ओळींतही आठ-आठ मात्रा नीट बसतात, त्यामुळे छंदाच्या दृष्टीने रचनेत एकही दोष नाही. तरीही हा हमाल ओझ्याखाली नाही. ‘घेउन’ आणि ‘चालत’ या शब्दांत एका गुरूमागे दोन लघु येतात आणि ओळ पुढे ढकलली जाते. त्यामुळे पोते पाठीवर असतानाच कवितेला सर्वांत अधिक वेग येतो, म्हणजे जेथे चाल मंदावायला हवी तेथे ती धावते.

याच ओळींतील दुसरी खूण म्हणजे भरतीचे शब्द. ‘भोळा’ हा शब्द ‘आळा’शी यमक जुळावे म्हणून आला आहे, आणि ‘तोही’मधील ‘ही’ मात्रा भरून काढण्यासाठी आली आहे. ठेका आधी ठरवून त्यात माणूस बसवला की असे शब्द लागतातच, आणि त्यांतून माणसावर भलतेच गुण लादले जातात. हा हमाल भोळा आहे असे कवीला म्हणायचे होते का? बहुधा नाही. ते यमकाने म्हटले, आणि मला हा दोष लयीच्या दोषापेक्षाही गंभीर वाटतो.

मग तीच खेप लयीत कशी आणावी?

आवर्तन आठ मात्रांचेच ठेवावे आणि त्यातील अक्षरांची संख्या बदलावी. मात्रावृत्तात आवर्तनाला लागणारा वेळ ठरलेला असतो, पण तो वेळ किती अक्षरांनी भरायचा हे कवीच्या हाती असते. आठ मात्रा चार गुरू अक्षरांत संपू शकतात किंवा आठ लघु अक्षरांतही. ओझ्याची चाल आणि रिकामी चाल यांतला फरक दाखवण्याची जागा नेमकी ही आहे.

मानेमागे
पोते आले.
मान वाकली,
डोळे खाली.
फळी हलते –
पाय थांबतो.
पाय ठेवतो.
धप्प.
उतरत उतरत फळीवरूनी
परतुन येतो गाडीपाशी

‘मानेमागे’ आणि ‘पोते आले’ या दोन्ही ओळींत चार-चार अक्षरे आहेत आणि ती सगळी गुरू आहेत. जीभ कोठेही सटकू शकत नाही, प्रत्येक अक्षर पूर्ण टेकवूनच पुढे जावे लागते. ‘मान वाकली’मध्ये मात्रा आठच आहेत, पण अक्षरे पाच होतात आणि त्यांत दोन लघु येतात. शरीर ओझ्याशी जुळवून घेत असतानाची ती किंचित हालचाल आहे. ‘डोळे खाली’ म्हणताना पुन्हा चार गुरू येतात, कारण नजर आता पावलांवर स्थिर झाली आहे.

यानंतर ‘उतरत उतरत’ म्हणून पाहा. मात्रा आठच, पण अक्षरे आठ, सगळी लघु. ‘मानेमागे’ म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढ्याच वेळात तोंडातून दुप्पट अक्षरे गेली. शिवाय वरच्या ओळी आठ मात्रांवर तुटत होत्या, तर परतीच्या ओळी सोळा मात्रांपर्यंत न थांबता जातात, म्हणजे श्वासही लांबला. शेवटचे ‘गाडीपाशी’ पुन्हा चार गुरूंचे आहे. गाडीजवळ दुसरे पोते वाट पाहत आहे, हे कवितेला सांगावे लागले नाही.

वाक्यरचनेतही हाच भेद पाळला आहे. ओझ्याच्या ओळींत लहान, सुटी, पूर्णविरामाने तुटणारी वाक्ये आहेत आणि ‘आणि’, ‘म्हणून’, ‘तेव्हा’ असे जोडशब्द नाहीत, कारण श्वास अडलेला असताना माणूस जोडवाक्ये बोलत नाही. परतीच्या ओळींत ‘उतरत’, ‘परतुन’ अशी धातुसाधिते आली आणि दोन क्रिया एका वाक्यात गुंफल्या गेल्या. हमालाच्या तोंडी संवाद घालायचा असेल तर तोही परतीच्या ओळींतच घालावा. पोते मानेवर असताना ज्याच्याकडून कवी दीर्घ वाक्य बोलून घेतो, त्याच्या पोत्यात धान्य आहे यावर वाचक विश्वास ठेवत नाही.

‘फळी हलते’मध्ये सातच मात्रा भरतात. हा दोष नव्हे का?

मोजणी बरोबर आहे : फ एक, ळी दोन, ह एक, ल एक, ते दोन. आठवी मात्रा मुद्दाम रिकामी सोडली आहे. फळी खाली झुकते तेव्हा उचललेला पाय क्षणभर अधांतरी राहतो, आणि वाचकाचा ठेकाही तेथे एक मात्रा अधांतरी राहावा असा हेतू आहे. पुढे ‘धप्प’ या ओळीत तीनच मात्रा आहेत आणि उरलेल्या पाच मात्रा शांततेच्या आहेत.

अशी रिकामी जागा चालण्यासाठी दोन अटी आहेत. आधीच्या ओळींनी आठ मात्रांची अपेक्षा कानात पक्की केलेली असली पाहिजे, नाहीतर एक मात्रा कमी झाल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. आणि रिकामी मात्रा कामातील एखाद्या खऱ्या थांब्यावर पडली पाहिजे. ‘पोते आले’च्या जागी ‘पोतं घेतो’ असे काही घालून मात्रा इकडेतिकडे झाली आणि त्याला नंतर थांबा म्हणून समर्थन दिले, तर वाचक ती चूकच समजेल, आणि त्यात वाचकाचा दोष नसेल.

गुरू अक्षरे म्हणजे जडपणा आणि लघु म्हणजे हलकेपणा, असा नियम मानावा का?

मानू नये. ‘राजाराणी’ या शब्दातही चार गुरू आहेत आणि त्यात कसलेही ओझे नाही, उलट थोडा थाटच आहे. ‘भरभर’, ‘मरमर’ आणि ‘तडफड’ या तिन्ही शब्दांत चार लघु आहेत, पण त्यांचे भाव एकमेकांपासून फार दूर आहेत. गुरू अक्षर केवळ उच्चाराचा वेळ वाढवते, आणि तो वेळ कशाने भरायचा हे अर्थ ठरवतो. आपल्या उदाहरणात ‘मानेमागे पोते आले’ जड वाटते ते अर्थामुळे आणि त्याच्या शेजारी ‘उतरत उतरत’ असल्यामुळे. दहाच्या दहा ओळी गुरू अक्षरांनी भरल्या असत्या तर चौथ्या ओळीपर्यंत कान त्याला सरावला असता आणि जडपणा नाहीसा झाला असता.

दिवसभराचा थकवा लयीत कसा दाखवावा?

याचे उत्तर बहुतेक कवी ओझ्याच्या ओळी लांबवून देतात. ‘जड’, ‘जडजड’, ‘फार जड’ अशी विशेषणे वाढत जातात. मोंढ्यातले वास्तव वेगळे आहे. पन्नास किलोचे पोते सकाळी जेवढे असते तेवढेच संध्याकाळी असते आणि थप्पीपर्यंतचे अंतरही तेवढेच असते, त्यामुळे ओझ्याखालची चाल थोडीफार मंदावली तरी तिचा साचा फारसा बदलत नाही, कारण बदलला तर पोते पडेल. दिवस चढत जातो तसे बदलते ते परतणे. सकाळी हमाल बोलत, हात हलवत परततो, दुपारनंतर तोच न बोलता परततो, आणि संध्याकाळी परतीची पावलेसुद्धा ओझ्याच्या पावलांसारखी पडू लागतात.

म्हणून ओझ्याचे कडवे जसेच्या तसे पुन्हा आणावे आणि प्रत्येक वेळी परतीची ओळ आटवावी. पहिल्या खेपेला सोळा मात्रांची ‘उतरत उतरत फळीवरूनी’ ही ओळ असेल. मधल्या खेपेला फक्त ‘उतरत येतो’ एवढ्या आठच मात्रा उरतील, त्यांत सहा अक्षरे आहेत आणि पहिली चार अजून लघु आहेत. शेवटी ‘खाली येतो’ एवढेच उरेल, म्हणजे चार गुरू, अगदी ‘मानेमागे’सारखे. माणूस रिकामा परततो आहे आणि तरी त्याची चाल ओझ्याची झाली आहे, ही गोष्ट एकाही विशेषणाशिवाय कळते. माझ्या मते संपूर्ण रचनेत सर्वाधिक परिणाम करणारी जागा हीच आहे, आणि तिच्यासाठी कवीने पहिल्या खेपेला परतीची ओळ पुरेशी मोकळी ठेवणे आवश्यक आहे.

अभंगाच्या किंवा ओवीच्या छंदात हे करता येईल का?

वर सांगितलेली युक्ती तेथे चालत नाही. अभंग हा अक्षरछंद आहे. त्यात अक्षरे मोजली जातात आणि म्हणताना प्रत्येक अक्षर सारखेच लांबवले जाते, त्यामुळे लघु-गुरूंचा भेद जवळजवळ पुसला जातो. ‘उतरत’ची चार अक्षरेही ‘मानेमागे’च्या चार अक्षरांइतकाच वेळ घेतात. मात्र मोठ्या अभंगाजवळ वेगळे साधन आहे. त्याच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि चौथा चरण आखूड पडतो :

मोंढ्याच्या दारात । थप्पीवर पोती ।
खांद्यावर नेती । सांजवरी ।।

तीन चरणांत भरत आलेली अपेक्षा चौथ्यात अचानक संपते. ओझे खाली ठेवण्याची क्रिया या जागेवर नेमकी बसते. पण प्रत्येक कडव्यात ती एकाच ठिकाणी येणार, त्यामुळे अभंग खेपांची पुनरावृत्ती उत्तम दाखवतो आणि एका खेपेच्या आतील चढउतार त्याला तितकेसे दाखवता येत नाहीत. कवीला यांपैकी काय हवे आहे, त्यावर छंदाची निवड अवलंबून ठेवावी.

जात्यावरच्या ओव्या आणि भलरी यांची लय तशीच उचलली तर चालेल का?

ही गाणी काम करतानाच म्हटली जात, आणि हा फरक मूलभूत आहे. जात्याचा खुंटा फिरवणारी बाई किंवा ज्वारीच्या काढणीत रांगेने पुढे सरकणारी माणसे गाणे म्हणत ती हात एकत्र चालावेत आणि थकव्याकडचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून. त्यामुळे त्या गाण्यांची लय थकवा दाखवत नाही, ती त्याला दूर ठेवते, आणि ओवीचे शब्दही बहुधा माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल यांच्याविषयी असतात, जात्याच्या वजनाविषयी क्वचितच. कवितेचा वाचक मात्र खुर्चीत बसलेला असतो. त्याच्या हाताला खुंटा नाही, म्हणून कामाचे जे वजन गाणाऱ्या बाईला आधीच ठाऊक होते ते त्याच्यापर्यंत शब्दांच्या लयीतूनच पोहोचवावे लागते. भलरीचा ठेका कवितेत जसाच्या तसा आला की श्रमाचा उत्सव होतो आणि श्रम दिसेनासे होतात. कवितेतील माणसे स्वतः ते गाणे म्हणत असतील तेवढ्याच ओळींत तो ठेका ठेवावा, हे अधिक योग्य.

शेतकऱ्याच्या कवितेलाही हीच पद्धत लागू पडते का?

पद्धत लागू पडते, पण आराखडा बदलतो, कारण प्रत्येक कामाचे चक्र वेगळे असते. तिफणीने पेरणी करताना पहा. बैलांची चाल संथ आणि अखंड असते, बांधापर्यंत तास, म्हणजे पेरणीची ओळ, सरळ जातो आणि तेथे औत वळते. त्याच वेळी चाड्यावर, म्हणजे तिफणीत बी सोडण्याच्या वाटीवर, धरलेल्या मुठीतून दाणे सतत, बारीक आणि समान सुटत राहावे लागतात. बैलांच्या आणि मुठीच्या अशा दोन लयी एकाच वेळी चालतात :

चाड्यावरती मूठ सरकते
सरसर सरसर दाणे सुटती

येथे ओझ्यासारखा अडलेला श्वास नाही, म्हणून आठ मात्रांवर वाक्य तोडणे चुकीचे ठरेल. वाक्य ओळ ओलांडून पुढे जावे आणि तासाच्या शेवटी, म्हणजे बांधाशी, एकदाच थांबावे. वाक्य अनेक ओळी चालवून कडव्याच्या शेवटी वळवले की तास आणि वळण दोन्ही साधतात. मूठ कोठे चुकली तर तेथे उगवणीत खंड पडतो आणि तो पुढे हंगामभर दिसतो. कवितेतही लघु अक्षरांची ओळ मध्येच तुटली तर तोच खंड ऐकू येतो, त्यामुळे ती तोडायची असेल तर हेतूने तोडावी. आता बहुतेक पेरणी ट्रॅक्टरवर होते, आणि त्या कामाला यंत्राची एकसुरी लय आहे. ट्रॅक्टरच्या पेरणीवर तिफणीची लय लादणे हे स्मरणरंजन होईल.

मराठवाडी बोलीत लिहिल्यास लय बदलते का?

बदलते. ‘पोते आले’ ऐवजी ‘पोतं आलं’ म्हटले की शेवटचा ‘ए’ जाऊन मोकळा, थोडा लांबणारा ‘अ’ येतो आणि ओळ अधिक खाली बसल्यासारखी वाटते. हमालाच्या कवितेला ते बहुधा मानवते. बोलीतील असे शेवट काटेकोर मोजणीत बसवण्यापेक्षा मोठ्याने म्हणून ठरवावेत. मात्र निवेदन प्रमाण मराठीत आणि एखादाच शब्द बोलीत, अशी मिसळ टाळावी, कारण त्या एका शब्दावर कान अडतो आणि आवर्तन सुटते.

मुक्तछंदात आवर्तन नसते, तेथे काय करावे?

तेथे ओळीची लांबी आणि ओळ तोडण्याची जागा यांवर सगळा भार येतो. नेहमी होणारी चूक म्हणजे प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर लिहिणे. तो, मग उचलतो, मग पोते, असे एकाखाली एक शब्द रचले की सुरुवातीला ताण जाणवतो, पण सगळी कविता तशीच असेल तर डोळा तिला सरळ वाक्य म्हणूनच वाचू लागतो. परतीच्या लांब ओळी येथेही तितक्याच आवश्यक आहेत.

रचना जमली की नाही हे कसे तपासावे?

कविता कशाविषयी आहे हे न सांगता, शीर्षक झाकून, दुसऱ्या कोणाला तरी ती मोठ्याने वाचायला द्यावी आणि स्वतः हातात कागद न घेता ऐकावे. वाचणारा श्वास कोठे घेतो याच्या खुणा मनात ठेवाव्यात. श्वास ओझ्याच्या ओळींत वारंवार तुटत असेल आणि परतीच्या ओळींत एकसंध राहत असेल तर मूळ रचना योग्य आहे. उलट घडत असेल तर बहुतेक वेळा ओझ्याच्या ओळींत जोडशब्द किंवा विशेषणे शिरलेली असतात, आणि आधी ती काढून पाहावीत. वाचणारा ‘फळी हलते’पाशी न थांबता थेट पुढच्या ओळीवर गेला, तर त्याला दोष न देता त्याआधीच्या चार ओळींच्या मात्रा पुन्हा मोजाव्यात. त्यांपैकी एखादी नऊ किंवा सात मात्रांची निघण्याची शक्यता मोठी असते, आणि ती आठावर आणली की रिकामी मात्रा पुन्हा ऐकू येऊ लागते.